मेल्यावर काय दिसतं

त्या रविवारपर्यंत मला आयुष्यात कुणी चोर म्हटलं नव्हतं. भांडकुदळ म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं, आणि दोन्ही खरंच आहे, त्यामुळे त्याचं मला फार काही वाटत नाही. पण चोर म्हटलं की डोकं फिरतं.

वर्ध्याला लागूनच असलेल्या आमच्या सिंदी मेघेत एक गेमिंग कॅफे आहे. आधी तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आता दहा कॉम्प्युटर आहेत. मी सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी तिथे जाऊन लोकांचं रक्त सांडते, असं आमची आई म्हणते. आमची पाच जणांची टीम आहे. चार पोरं आणि मी. गेम बंदुकीचा, पाच विरुद्ध पाच. एका राउंडला एकच जीव असतो. मेलात की राउंड संपेपर्यंत गप बसून बाकीच्यांचा खेळ बघायचा.

कॅफेवाल्याने जिल्ह्यातल्या टीमची स्पर्धा ठेवली होती. सेमीफायनल आमची आणि पुलगावच्या पोरांची. जिंकणारी टीम फायनल खेळणार आणि तिथून पुढे नागपूरला. नागपूरला मला जायचंच होतं. कॅफेवाल्याने बाहेरच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, आणि एक जास्तीचा कॉम्प्युटर फक्त सामना दाखवायला ठेवला. आम्ही दहा जण आतल्या खोलीत होतो. मधला दरवाजा उघडाच होता, कारण आतला एसी बंद पडला होता.

त्या दिवशी बाबा पहिल्यांदा बघायला आले होते. तोवर त्यांना हे सगळं पोरकटपणा वाटायचं. "इतकी शिकली अन् ठायठाय करून राह्यली," एवढंच त्यांचं मत. ते स्वतः तरुणपणी कबड्डी खेळायचे, सेलू तालुक्यातली गावंच्या गावं त्यांनी पालथी घातली आहेत, आणि आजही कुठे मैदान आखलेलं दिसलं की गाडी थांबवतात. त्यांना मी जबरदस्तीने आणलं नव्हतं. लॅबमधल्या माझ्या साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की तुमची पोरगी फार चांगली खेळते म्हणे. मग ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले.

सामना बरोबरीत गेला. शेवटचा राउंड राहिला, त्यात आमचे चार मेले, त्यांचे चार मेले. एक मी आणि एक त्यांचा कॅप्टन. मी एका गोदामात उभी होते, समोर दरवाजा, डाव्या हाताला भिंत आणि भिंतीच्या टोकाला एक बोळ. मी दरवाज्यावर नेम धरला होता. मग एकदम डावीकडे वळले, भिंतीच्या कडेकडे बंदूक सरकवली, आणि तो बोळातून बाहेर आला त्याच क्षणी उडवला. आम्ही जिंकलो. मी खुर्चीवरून उडीच मारली.

पण त्यांच्या कॅप्टनच्या स्क्रीनवर वेगळंच चालू होतं. या गेममध्ये तुम्ही मेलात की किलकॅम दिसतो. म्हणजे तुम्हाला मारणाऱ्याच्या नजरेतून शेवटचे काही सेकंद परत दाखवतात. त्याने ते बघितलं, त्याचा आवाज फुटला, आणि त्याच्या शेजाऱ्याने मोबाइल काढून स्क्रीनचा व्हिडिओ घेतला. त्या किलकॅममध्ये भिंतीच्या आड तो पळतोय आणि त्याच्या अंगाभोवती लाल रेघ आहे. भिंत असूनही तो आरपार दिसतोय. आणि माझा नेम त्या लाल आकृतीच्या मागे मागे भिंतीवरून सरकतोय.

"इले भिंतीआरचं दिसते!" तो ओरडला. "हॅक लावला इनं! हे पाहा, इच्या स्क्रीनवर दिसून राह्यलं!"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कॅफेवाल्याने माझा कॉम्प्युटर तपासला, त्याला काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे नव्हतं असं कुणी मानायला तयार नव्हतं. त्याने निकाल अडवून धरला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावलं. तोवर तुमच्याजवळ काय पुरावा असेल तो आणा म्हणाला. तोपर्यंत तो व्हिडिओ वर्ध्यातल्या निम्म्या पोरांच्या मोबाइलवर गेला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका पोराच्या दंडाला मी पट्टा बांधला, तर तो म्हणतो, "ताई, शीर पण आरपार दिसते का तुमाले?" मला इतका राग आला की सुई दोन मिनिटं हातातच धरून ठेवली. शीर मात्र पहिल्याच खेपेत सापडली.

माझा मावसभाऊ कॅनडात असतो. नोकरी कसली तरी कॉम्प्युटरचीच, पण सुट्टीच्या दिवशी तो तिकडच्या स्पर्धांमध्ये सामना दाखवण्याचं काम करतो. कुठला खेळाडू कधी दाखवायचा, कॅमेरा कुठे न्यायचा, ते हा ठरवतो. मी त्याला व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, दादा, मी काही केलं नाही, मला वाचव. त्याचा मेसेज सकाळी नमुने गोळा करून झाल्यावर वाचला. लांबलचक होता. तो इतकी वर्षं तिकडे राहून मेसेज अजून घरच्यासारखाच लिहितो.

"जय भीम बाई. आधी लाल रेघीचं सांगतो. ते तुह्या स्क्रीनवर नव्हतंच. किलकॅम म्हणजे तुह्या स्क्रीनची फिल्म नाई. तुह्या कॉम्प्युटरवरून चित्र उचलून त्याले दाखवत नाईत. सर्व्हरजवळ नोंद असते, कोण कुठं उभं होतं, कोणाची बंदूक कुठं वळली, गोळी कवा सुटली. त्या नोंदीवरून मेलेल्याचा कॉम्प्युटर तेच सेकंद परत रचून दाखवते. रचून, समजली? तुह्या डोळ्याच्या जाग्यावर कॅमेरा ठेवते एवढंच. अन् मेलेल्याले समजावं का आपण कुठं होतो, म्हणून गेम त्याच्याभोवती लाल रेघ मारते. भिंतीआड असला तरी मारते. ते मेलेल्याच्या सोयीसाठी असते. तुले ते कधीच दिसलं नाई. त्यानं स्वतःच कोणाले मारून पाहावं, अन् मेलेल्याच्या स्क्रीनवर काय दिसते ते जाऊन पाहावं. त्याले बी हॅकवाला म्हणावं लागन."

मी तिथेच, रक्ताच्या नळ्या फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या आवाजात, मोठ्याने हसले. एवढी साधी गोष्ट. मेसेज आणखी होता.

"नोंद बी सेकंदातून ठरावीक वेळाच होते, मधलं मधलं कॉम्प्युटर भरून काढते. म्हणून किलकॅमात नेम जरा इकडं तिकडं, झटके दिल्यासारखा दिसतो. इंटरनेटवर खेळलं तर फरक जास्त पडते, कारण त्याच्याइथं अन् तुह्याइथं एकाच वेळी एकच गोष्ट दिसत नाई. पण तुमी एकाच खोलीत, एकाच वायरीवर होते. फरक लय कमी. म्हणून आता खरं सांगतो, राग नोको येऊ देजो. रेघ खोटी, पण नेम खरा हाय. तू वळली ते तो दिसायच्या आधी वळली. तुले कसं समजलं? पाय वाजले का? मेलेल्या दोस्तानं सांगतलं का? मेलेल्या माणसाले आपल्याच टीमवाल्याच्या डोळ्यानं पाहता येते, दुश्मनाच्या नाई, म्हणून त्याले बी भिंतीआरचं दिसणार नाई. मग उरते एकच. तिथं टीव्ही लावला होता का? तो कॉम्प्युटर सामन्यात तिसरा माणूस म्हणून बसते. त्याले दोन्ही बाजू दिसतात, सगळ्यायचे आकार भिंतीतून दिसतात, नाईतर पाहणाऱ्याले खेळ समजणार कसा? म्हणूनच आमी इथं ते चित्र दोन-तीन मिनिटं उशिरा सोडतो, अन् खेळाडूच्या कानाले बाहेरचं ऐकू येऊ देत नाई. तुमच्याइथं उशीर किती ठेवला होता? अन् किलकॅम स्पर्धेत काऊन चालू ठेवला? मारणारा कुठं हाय ते मेलेला दोस्तायले सांगून देते ना. कॅफेवाल्याले सांगजो."

उशीर. मी कधी विचारच केला नव्हता. संध्याकाळी कॅफेवाल्याला विचारलं तर त्यानेही डोकं खाजवलं. सेटिंग उघडून बघितलं. प्रेक्षकांसाठी विलंब लावायची सोय गेममध्येच होती आणि ती शून्यावर होती. म्हणजे टीव्हीवर सगळं त्याच क्षणी दिसत होतं, दोन्ही बाजू, भिंतीतून.

आणि माझा डावा कान मोकळा होता. तिथल्या हेडफोनांचे माइक अर्ध्याहून जास्त बिघडलेले आहेत, म्हणून आम्ही एक कान उघडा ठेवतो आणि शेजारी बसलेल्याशी तोंडानेच बोलतो. ही आमची जुनी सवय. कॅनडातल्या माणसाला ती सांगितली असती तर तो रडला असता.

आमच्या टीममधल्या एकाला मी मेसेज दाखवला. त्याने अर्धा वाचला आणि म्हणाला, "झालं ना मग! इथपर्यंतच फॉरवर्ड कर. लाल रेघीपर्यंत. खालचं काऊन दाखवायचं?" मला पण ते एकदम पटलं, हे आधीच सांगते. मी हॅक लावला नव्हता. माझ्यावर आळ हॅकचा होता. तो आळ अर्ध्या मेसेजने निघत होता. मी बोट ठेवून तेवढाच भाग उचललाही.

पण पाठवला नाही. आधी मला जाणून घ्यायचं होतं की मी नेमकं ऐकलं काय. कारण मला आठवतच नव्हतं. मला वाटत होतं मला आतूनच कळलं, खेळ खेळून खेळून येतं तसं.

घरी बाबा अंगणात सायकलची चेन पुसत होते. मी विचारलं, "बाबा, त्या शेवटच्या राउंडले तुमी काही बोलले होते का?"

त्यांचा चेहरा इतका खुलला की मला तिथेच उत्तर मिळालं.

"बोललो म्हंजे? उभाच राहून गेलो ना मी! म्हटलं, बाई, डाव्या अंगाले! डाव्या अंगाले येऊन राह्यला! अन् तू लगेच वळली!" त्यांनी सायकल सोडून वळूनही दाखवलं, कबड्डीत वळतात तसं, एक पाय मागे टाकून. "चहाच्या टपरीवर साऱ्यायले सांगतलं मी. म्हटलं पोरगी बापाचं ऐकते."

माझ्या टीममधल्या पोराने सांगितलं असतं तर मी सरळ त्याला शिव्या घातल्या असत्या. पण हे बाबा होते, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस ते टपरीवर ज्या गोष्टीचं कौतुक करत होते, ती गोष्ट हीच होती.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना टीव्हीवर दिसत होतं ते मला दिसत नव्हतं, हे त्यांना काही केल्या पटेना. "पण तुहाच खेळ दाखवून राह्यले होते ना," ते म्हणाले. "तुही बंदूक, तुहे हात. तो लाल लाल भिंतीतून येताना दिसत होता. मले वाटलं तुले बी दिसतेच. दिसते पण ध्यान नाई, म्हणून ओरडलो. कबड्डीत नाई का ओरडत लोक? जे मैदानावर हाय ते साऱ्यायलेच दिसते."

पुलगावच्या कॅप्टनची आणि बाबांची चूक एकच होती. दोघांनाही वाटलं की आपल्याला दिसतं तेच मला दिसत होतं. एकाने त्यावरून मला चोर ठरवलं आणि दुसऱ्याने त्यावरून मला मदत केली.

बाबांनी फडकं परत चेनवर फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे चोरी मी केली."

"चोरी नाई बाबा. तुमाले माहीत नव्हतं."

"मले नाई, तुले तर आता माहीत झालं ना." त्यांनी फडकं झटकलं. "तो मेसेज पुरा वाचजो तिथं. मी येतो. माह्या तोंडानं सांगतो."

"तुमी काही सांगू नोका. मीच वाचीन."

"काऊन? लाज वाटते का बापाची?"

नाही वाटत, असं मी म्हणाले. खरंच नव्हती वाटत. मला भीती एवढीच होती की यानंतर ते परत कधी तिथे येणार नाहीत.

रविवारी सगळे जमले. पुलगावची पोरं भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी. मी मेसेज पहिल्यापासून वाचायला घेतला. लाल रेघीपर्यंत आले तेव्हा पुलगावचा कॅप्टन म्हणाला, असं कसं मानायचं. कॅफेवाल्याने लगेच दोन कॉम्प्युटर चालू केले, कॅप्टनला एकावर बसवलं, दुसऱ्यावर स्वतः बसला आणि आपल्याला मारायला लावलं. मग त्याला उठवून मेलेल्याच्या स्क्रीनसमोर उभं केलं. तिथे किलकॅममध्ये भिंतीआडून लाल आकृती चालत येत होती. कॅप्टन वाकून बघत राहिला. "मले तर असं काही दिसलंच नव्हतं," तो पुटपुटला आणि स्वतःच लाजला.

सगळे हसले. आमची पोरं तर टाळ्याच पिटायला लागली. आमच्यातल्या एकाने माझ्या हातातला मोबाइल हळूच खाली दाबला. बस, झालं, अशा अर्थाने. मी मोबाइल परत वर केला आणि खालचं वाचलं. नेम खरा आहे, तू आधी वळलीस, टीव्हीला उशीर किती होता, सगळं.

मी पुढे काही बोलायच्या आत बाबा पहिल्या रांगेतून उठले.

"मी ओरडलो होतो," ते म्हणाले. "डाव्या अंगाले म्हणून. माह्या पोरीनं काही नाई केलं. मले टीव्हीचं समजलं नाई."

मग पुलगावचा कॅप्टन बाबांजवळ आला. "काका, बसा ना तुमी," म्हणाला. "ओरडत तर सारेच होते. आमचे बी ओरडत होते, आमच्या कानावर हेडफोन होते म्हणून ऐकू नाई आलं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हॅकवाली म्हटलं ते वापस घेतो. पण तो राउंड परत खेळावं लागन."

ते बरोबरच होतं. शेवटचा एकच राउंड परत खेळायचं ठरलं. कॅफेवाल्याने किलकॅम बंद केला, टीव्हीला दोन मिनिटांचा विलंब लावला, चालणारे हेडफोन शोधून काढले आणि हॉलमधल्या लोकांना मोठ्या ऐटीत सांगितलं, "आता ओरडा बावा किती ओरडायचं ते! तुमाले जे दिसन ते आत होऊन गेलेलं असन. काही फरक नाई पडत." बाबा जायला निघाले होते. मी त्यांना खांदे धरून परत खुर्चीत बसवलं. "तुमी बसा," म्हटलं. "अन् ओरडा."

आत मी दोन्ही कान झाकले. आमचे दोघं लवकर मेले, त्यांचेही दोघं. पुढे काय झालं ते मी हजारदा आठवलं आहे. शेवटी मी एकटी राहिले आणि ते दोघं राहिले. मी एकाला जिन्यावर टिपलं. मग पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले, समोरच्या रस्त्यावर नेम लावून. कॅप्टन मागून आला. मला पावलंही नीट ऐकू आली नाहीत. स्क्रीन काळी झाली आणि राउंड संपला. आम्ही हरलो. नागपूर गेलं.

मी हेडफोन काढले. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. पुलगावची पोरं ओरडायला लागणार, तेवढ्यात त्यांच्या कॅप्टनने तोंडावर बोट ठेवलं आणि बाहेरच्या दाराकडे खूण केली. बाहेर अजून काहीच झालेलं नव्हतं. टीव्ही दोन मिनिटं मागे होता. आम्ही दहाही जण न बोलता दारातून बाहेर आलो आणि खुर्च्यांच्या मागे उभे राहिलो. लोकांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.

टीव्हीवर मी जिन्यावरच्या माणसाला टिपलं. हॉल दणाणला. बाबा उठून उभे राहिले. मग टीव्हीवर मी टाकीमागे जाऊन बसले, आणि भिंतीतून एक लाल आकृती गोल फिरून माझ्या पाठीकडे यायला लागली.

"मागे!" बाबा ओरडले. "बाई, मागे पाह्य! मागून येऊन राह्यला! मागे!"

त्यांचा आवाज चिरकला होता. मी रांगेतून पुढे गेले आणि मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी वळूनही पाहिलं नाही, नुसता हात झटकला.

"थांब ना भाऊ," ते म्हणाले, "माही पोरगी अजून जित्ती हाय."